एकशेवीसच्या पुढे

दीक्षा तायडेला भांडायची हौस आहे, असं आमच्या ओळखीतले बरेच जण म्हणतात. हे साफ खोटं आहे. हौशी माणूस आवाज चढवतो. दीक्षा आवाज उतरवते, एकेक शब्द सुटा करून बोलते, आणि समोरच्याला घाम फुटतो. मला स्वतःला तो तीन-चारदा फुटलेला आहे, म्हणून सांगतो.

आमची ओळख सिडनीतली. दोघांनी एकाच युनिव्हर्सिटीत मास्टर्स केलं, दोघं इथेच राहिलो, दोघांना पीआर, म्हणजे कायम राहायचा व्हिसा, मिळाला. मी आयटीत गेलो, कॅसल हिलला घर घेतलं, वजन वाढवलं. ती हॅरिस पार्कच्या भाड्याच्या फ्लॅटमध्येच राहिली आणि खाण्याच्या कारखान्यांमधले कन्व्हेयर, मोटारी, त्यांचा वेग राखणारे ड्राइव्ह लावून देण्याचं काम करू लागली. बिस्किटं पुठ्ठ्याच्या खोक्यात बरोबर पडतात की कडेला, हे ती पाहते. शिवाय आम्ही दोघंही आमच्याच युनिव्हर्सिटीत हंगामी ट्यूटर होतो. विषय कंट्रोल सिस्टीम्स. दर सेमिस्टरला नवं कॉन्ट्रॅक्ट, आणि ते द्यायचं की नाही हे तो विषय चालवणाऱ्या पद्माकर सरांच्या हातात.

तिचे वडील दादाराव भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्रात ऑपरेटर होते. घरात त्यांचा एक नियम होता. कोणी काही तोंडी नाकारलं, तर भांडायचं नाही. कागद काढायचा, अर्ज लिहायचा, आणि म्हणायचं, नाही म्हणताय ते लेखी द्या. अर्ध्या वेळा साहेब लेखी देतच नसत आणि काम होऊन जाई. दीक्षा हे बघत वाढली. मी ब्राह्मण घरातला पुणेकर. आमच्याकडे फोन करून ‘जरा बघा ना’ म्हणण्याची पद्धत. तिच्या घरी अशी फोन करण्यासारखी माणसंच नव्हती, म्हणून अर्ज होता. हे मला तिनेच एकदा सांगितलं, आणि मला बरं वाटावं म्हणून पुढे काही जोडलं नाही.

शिकवायची मात्र फार गोड. फीडबॅकचा लूप म्हणजे काय, हे ती मॉलमधल्या नवराबायकोवरून सांगे. बायको पुढे, नवरा पिशव्या घेऊन मागे. ती कुठे आहे हे तो बघतो, स्वतः कुठे आहे ते जसंच्या तसं त्यातून वजा करतो, आणि जो फरक उरेल तेवढी पावलं टाकतो. हा फरक म्हणजे एरर. बायको साडीच्या दुकानासमोर उभी राहिली, तर टाइप वनचा नवरा थोड्या वेळात बरोबर तिच्या शेजारी येतो, एरर शून्य. टाइप वन म्हणजे त्याच्यात एक इंटिग्रेटर आहे, म्हणजे फरक उरलाय तोवर तो हलतच राहतो. पण बायको एका लयीत चालत राहिली, तर हाच नवरा कायम ठरावीक अंतर मागे राहतो. बायकोचा वेग एक धरला, तर ते अंतर एक भागिले के-व्ही, आणि के-व्ही म्हणजे वेगाचा एरर कॉन्स्टंट. के-व्ही दहा, तर अंतर एक दशांश. नवऱ्याला जितकं जास्त ढकलाल, तितका के-व्ही मोठा आणि अंतर कमी. आणि ती वेग वाढवतच गेली, तर टाइप वनचा नवरा हरवतो, त्याला टाइप टू व्हावं लागतं.

मुलं हसत. मग ती म्हणे, ‘‘बट मेट, जास्त ढकललंत तर तो तोंडावर पडतो. मॉलमध्ये पडलेला नवरा किती पावलं मागे आहे, हे कोणी विचारत नाही. सो फर्स्ट, ऑलवेज फर्स्ट, तो उभा आहे का बघा. स्टेबल आहे का ते तपासा. मग एरर काढा.’’ हे वाक्य तिच्या प्रत्येक ट्यूटोरियलमध्ये असायचं. माझ्या ट्यूटोरियलमध्ये नसायचं. मी सूत्र देऊन मोकळा व्हायचो.

दोन हजार एकवीसच्या जूनमध्ये परीक्षा घरून झाली आणि लगेच सिडनी पुन्हा बंद पडली. घरून परीक्षा म्हणजे कॉपीची भीती. त्यावर पद्माकर सरांनी डोकं लढवलं. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळा आकडा. स्टुडंट नंबरचा शेवटचा अंक घ्या, त्यात एक मिळवा, पंधराने गुणा, तो तुमचा गेन, म्हणजे नवऱ्याला ढकलायचा जोर, के. लूपमध्ये के आणि खाली एस, एस अधिक तीन, एस अधिक पाच यांचा गुणाकार. रॅम्प इनपुट, म्हणजे त्या एका लयीत चालणाऱ्या बायकोसारखा, दिला, तर स्टेडी स्टेट एरर किती, हा चौथा प्रश्न, दहा मार्क. के-व्ही येतो के भागिले पंधरा, म्हणजे सुरेख पूर्ण आकडा. अंक शून्य असेल तर एक, नऊ असेल तर दहा. सरांना पूर्ण आकड्यांचं प्रेम. तपासणाऱ्यांना त्यांनी स्प्रेडशीट दिली. स्टुडंट नंबर टाकला की शेजारी उत्तर येई.

स्वतःच्या ग्रुपचे पेपर स्वतः तपासायचे नाहीत, असा नियम. म्हणून दीक्षाच्या ग्रुपचे माझ्याकडे आणि माझे तिच्याकडे. मी माझ्या वाट्याचे बेचाळीस पेपर दोन दिवसांत उडवले. त्यात लीना नावाच्या एका मुलीने चौथ्या प्रश्नाला उत्तर लिहिलं होतं, की माझा अंक नऊ, के दीडशे, के-व्ही दहा निघतो, पण त्याला अर्थ नाही. के एकशेवीसच्या पुढे गेला की क्लोज्ड लूप अनस्टेबल, म्हणून स्टेडी स्टेट एरर अस्तित्वातच नाही. मी स्प्रेडशीट पाहिली. तिथे शून्य पूर्णांक एक. मी शून्य दिलं आणि चहा टाकायला गेलो. अजून आठवलं की कान तापतात.

लीना केरळची. दीक्षाच्याच गल्लीत, तिघींबरोबर एका फ्लॅटमध्ये. या विषयात परीक्षेतच किमान पन्नास लागतात. तिला पडले चव्वेचाळीस. डिग्रीतला हा तिचा शेवटचा विषय होता, आणि व्हिसा ऑगस्टच्या अखेरीस संपत होता. नापास म्हणजे आणखी एक सेमिस्टर, नवा व्हिसा, आणि तो मिळेल याची कोणी खात्री देईना. तिने सरांना ईमेल केलं. सरांनी उत्तर दिलं, की कृपया फॉर्म्युला शीट पाहा. मग तिने दीक्षाला फोन केला.

‘‘मॅम, मैंने वही किया जो आपने सिखाया,’’ ती म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं.

दीक्षाने तो पेपर मागवून घेतला आणि मला फोन केला.

‘‘यतिन, लीनाचा चौथा प्रश्न तू तपासलास?’’

‘‘हो. आन्सर मॅच होत नव्हतं.’’

‘‘कशाशी?’’

‘‘शीटशी.’’

‘‘आणि गणिताशी?’’

मी कागद ओढला. तिने मला फोनवर गणित करायला लावलं, शाळेतल्या पोरासारखं. छेद गुणून के मिळवला, की एसचा घन, आठ एसचा वर्ग, पंधरा एस, आणि के. आठ गुणिले पंधरा, एकशेवीस. के त्याच्या खाली असेल तर लूप उभा राहतो. बरोबर एकशेवीसला कायमचा झुलत राहतो. त्याच्या वर पडतो. शेवटचा अंक सात असलेल्यांना के एकशेवीस, आठवाल्यांना एकशे पस्तीस, नऊवाल्यांना दीडशे. ओळ लिहून झाल्यावर आम्ही स्प्रेडशीट उघडून ते तीन अंक मोजले. वर्गात चौऱ्याऐंशी मुलं, त्यांतली पंचवीस या तीन अंकांची. दोघांनी प्रश्न कोरा सोडला होता. बावीस जणांनी सूत्रात आकडा घालून पूर्ण मार्क मिळवले होते. त्यांतल्या माझ्या ग्रुपवाल्यांना ते तिच्याच हातून, शीट बघून, गेले होते, हे ती स्वतःच म्हणाली. एकटी लीना बरोबर होती, आणि तिलाच मी शून्य दिलं होतं.

‘‘सूत्र तर काय, दगडालाही लाव, उत्तर देईल,’’ दीक्षा म्हणाली. ‘‘गंमत बघ, ज्याचा लूप सगळ्यांत जास्त बिघडलाय, त्याचाच एरर शीटमध्ये सगळ्यांत कमी.’’

‘‘मी सरांना सांगतो,’’ मी म्हणालो. ‘‘आपलाच माणूस आहे. जरा गोडीने...’’

‘‘गोडीने काय सांगणार? एकशेवीसचे दीडशे करून घ्या?’’

पद्माकर सर वाईट माणूस नाहीत, हे मला आत्ताच लिहून टाकलं पाहिजे. तीस वर्षं इथे. कोर्समधली मुलं त्यांना पॅडी म्हणतात. नव्याने आलेल्या किती जणांना त्यांनी विमानतळावरून स्वतः आणलंय. लॉकडाऊनमध्ये मराठी मुलांच्या दारात डबे ठेवून जात. चूक मात्र ऐकून घेण्याची सवय त्यांची सुटली होती, आणि ती सुटायला तीस वर्षं पुष्कळ झाली. मी आधी फोन करून गोडी लावलीच. त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना झूमवर घेतलं.

‘‘दीक्षा, बाळ,’’ ते म्हणाले, ‘‘तुझा मुद्दा थिअरेटिकली ओके आहे. पण एक्झाममध्ये काय एक्स्पेक्टेड आहे ते स्टुडंटला कळायला हवं. बाकीच्यांना कळलं ना?’’

‘‘बाकीच्यांना उत्तर नाही कळलं सर. तुमच्या मनात काय होतं ते कळलं.’’

सर हसले. राग आला की ते आधी हसतात. ‘‘बरं. आपण असं करू. सात-आठ-नऊवाल्यांसाठी तो प्रश्नच रद्द. नव्वदपैकी मार्क धरू, शंभरावर स्केल करू. फेअर इनफ? आपल्यातलं आपल्यात मिटेल, वर जायला नको.’’

मला तर हे फारच उदार वाटलं. मी मान हलवली देखील. दीक्षाने मान हलवली नाही. तिने कॅल्क्युलेटर घेतला.

‘‘नव्वदपैकी चव्वेचाळीस म्हणजे अठ्ठेचाळीस पॉइंट नऊ. एकोणपन्नास. लीना नापासच राहते.’’

‘‘मग त्याला माझा इलाज नाही. एकीसाठी नियम वाकवायचा का?’’

‘‘सर, प्रश्न चुकलेला नाही. प्रश्नाला उत्तर आहे. एरर नाही, हेच उत्तर आहे. चुकलेली आहे ती शीट. शीट चुकली म्हणून ज्या मुलीने बरोबर लिहिलं, तिचा प्रश्न काढून घ्यायचा?’’

‘‘दीक्षा, पुढच्या सेमिस्टरला ग्रुप कमी होणार आहेत, तुला ठाऊक आहे. प्रत्येकाला घेता येईलच असं नाही.’’

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, पाऊस येईल बहुतेक म्हणावं तसं. मी स्क्रीनवरच्या माझ्याच चेहऱ्याकडे बघत बसलो. दीक्षाचा आवाज उतरला.

‘‘हे लेखी द्याल का, सर? लीनाचं उत्तर चूक का आहे ते. मी वर पाठवते.’’

सरांनी लेखी दिलं नाही. तिने त्या दुपारी स्वतःच लिहिलं आणि स्कूलच्या, म्हणजे आमच्या विभागाच्या, हेडला पाठवलं. त्यात माझं नाव होतं, तपासणारा म्हणून. मला आधी वाचायला दिलं आणि म्हणाली, ‘‘नको असेल तर काढते.’’ मी काढू नको म्हणालो. धाडस होतं म्हणून नव्हे. काढ म्हणायची लाज वाटली, म्हणून.

हेलन, म्हणजे आमची हेड, सिव्हिल इंजिनिअर. पूल बांधणारी बाई, कंट्रोलचं तिला जुजबी ठाऊक. तिने गुरुवारी दुपारी दोन वाजता मीटिंग ठेवली. सर, दीक्षा, मी. हेलनच्या मागे तिचा मुलगा ऑनलाइन शाळेत कोणाला तरी ‘यू आर ऑन म्यूट’ सांगत होता.

सरांनी पहिल्यांदा बोलून घेतलं. टाइप वन, रॅम्प इनपुट, एरर एक भागिले के-व्ही, पुस्तकातली ओळ आहे, एक्क्याऐंशी मुलांना ती कळली. हेलन मान डोलवत होती. मला वाटलं, संपलं.

दीक्षाने स्क्रीन शेअर केली. तिच्याकडे सिम्युलेशन तयार होतं, सरांचाच लूप. तिने कंट्रोल सरांकडे दिला.

‘‘सर, तुम्हीच टाइप करा. के दीडशे. मी हात लावत नाही.’’

सरांनी दीडशे टाकलं. किती वेळ चालवायचं, असं सॉफ्टवेअरने विचारलं. त्यांनी पाच सेकंद टाकले. सरळ चढणारी रेघ म्हणजे इनपुट. तिच्याबरोबर लूपची रेघ, थोडी वळवळत, पण वर चाललेली. लांबून पाहिलं तर मागोमाग चाललीय असंच वाटावं.

‘‘सी?’’ सर हेलनला म्हणाले. ‘‘इट्स फॉलोइंग. वळवळ आहे ती ट्रान्झियंट, सुरुवातीपुरती. सेटल होईल.’’

‘‘मग थांबू या,’’ दीक्षा म्हणाली. ‘‘स्टेडी स्टेट म्हणजे थांबल्यावर जे उरतं ते. होऊ दे सेटल. दहा सेकंद टाका, सर.’’

सरांनी दहा टाकले. वळवळ कमी झाली नव्हती. लाटा आता रेघेच्या वरखाली एकेक घराइतक्या होत्या.

‘‘अजून थांबू. वीस.’’

सरांचा हात थांबला. हेलन म्हणाली, ‘‘गो ऑन, पॅडी.’’ त्यांनी वीस टाकले. लाट सहा-सात घरं वर जाऊन तितकीच खाली येत होती.

‘‘चाळीस.’’

चाळीसला सॉफ्टवेअरने स्वतःच आलेखाची उभी मोजपट्टी बदलली. इनपुटची रेघ चाळीसपर्यंत चढलेली, पण आता ती मधोमध आडवी झोपल्यासारखी दिसत होती, कारण लाटा दोनशेच्या वर जाऊन उणे दोनशेच्या आसपास येत होत्या.  हेलनचा मुलगा मागे अजून कोणाला तरी म्यूट काढायला सांगत होता.

‘‘सर, यात शून्य पूर्णांक एक कुठे आहे, ते दाखवा,’’ दीक्षा म्हणाली. ‘‘मी दुपारभर थांबायला तयार आहे. असा ड्राइव्ह मी कारखान्यात लावला, तर मोटार माउंटिंगमधून उखडून येईल आणि कोणाचा तरी हात जाईल. तिथे मला कोणी फॉर्म्युला शीट दाखवणार नाही. लीनाने हेच लिहिलंय. मी तिला हेच शिकवलंय. ती नापास होणार असेल, तर माझ्या शिकवण्यामुळे होणार, आणि ते मी होऊ देणार नाही.’’

तेव्हा मला कंठ फुटला. मी म्हणालो, की शून्य मी दिलं होतं, न वाचता, शीट बघून, आणि ते चूक होतं. पंधरा शब्द असतील. बोललो आणि पाठ घामाने भिजली, पण त्या सबंध महिन्यात पहिल्यांदाच मला स्वतःचा चेहरा स्क्रीनवर बघवला.

सरांनी चाळीस सेकंदांचं ते चित्र पुन्हा एकदा चालवून पाहिलं. मग चष्मा काढून म्हणाले, ‘‘शी इज राइट.’’ एवढंच, आणि तेही हेलनला. दीक्षाला मराठीत ‘तुझं बरोबर’ म्हणायला जड गेलं असावं.

निकाल असा लागला. लीनाला दहापैकी दहा, एकूण चोपन्न. बावीस जणांचे मार्क कोणी काढून घेतले नाहीत. दीक्षानेच ते सांगितलं, की मुलांनी आपण शिकवलेलं लिहिलं, शिक्षा त्यांना नको. कोरा सोडणाऱ्या दोघांना पुन्हा एक प्रश्न दिला. लीनाने निकाल कळल्यावर दीक्षाच्या बिल्डिंगखाली येऊन, मास्क लावून, दीड मीटर अंतर ठेवून रडून घेतलं. वर खिडकीत दीक्षाही रडली. हे तिने मला सांगितलं तेव्हा म्हणाली, कोणाला सांगू नकोस. मी सगळ्यांना सांगतो.

पुढच्या सेमिस्टरला दीक्षाला ग्रुप मिळाला नाही. ईमेल आलं, विद्यार्थी कमी झालेत, आपल्या योगदानाबद्दल आभार. विद्यार्थी कमी झाले नव्हते. तिचे दोन्ही ग्रुप मला देऊ केले होते. मी तिला फोन करून म्हणालो, मी नाही घेत.

‘‘घे,’’ ती म्हणाली. ‘‘नाही घेतलास तर सूत्रवाला कोणीतरी येईल. आणि त्यांना आधी काय विचारायचं, ते आता तुला ठाऊक आहे.’’

मी घेतले. मला पटलं म्हणून घेतले, आणि थोडे घाबरूनही घेतले, दोन्ही खरं आहे. तिच्याशिवाय त्या वर्गात पाय ठेवताना चोरासारखं वाटतं, आजही.

नोव्हेंबरमध्ये सरांनी नवा पेपर काढला. परीक्षा संपल्यावर मी त्यातल्या चौथ्या प्रश्नाचा फोटो दीक्षाला पाठवला. पुन्हा टाइप वन, पुन्हा रॅम्प, पुन्हा शेवटचा अंक. पण आता प्रश्नाचे दोन भाग होते. पहिल्या भागात विचारलं होतं, की तुमच्या आकड्याला क्लोज्ड लूप स्टेबल आहे का, ते दाखवा. नसेल तर तसं लिहून थांबा, पूर्ण दहा मार्क मिळतील. मला वाटलं ती खूश होईल. शेवटी सरांनी तिचं वाक्य पेपरात छापलं होतं, नाव न घेता का होईना. मी तसं लिहिलंही, की बघ, जिंकलीस.

ती फॅक्टरीत असावी. तासाभराने उत्तर आलं. तिने फोटोतल्या पहिल्या भागासमोरच्या मार्कांवर लाल गोल काढला होता. त्याला दोन मार्क होते, आणि आठ दुसऱ्या, म्हणजे एरर काढायच्या, भागाला. खाली लिहिलं होतं, ‘‘ज्याचा लूप स्टेबल आहे, त्याने ते दाखवलं तर दोनच? सरांना लिहितेय.’’